सूर्यास्तानंतरचे दोन तास

सांगलीतील हळदीच्या एका जुन्या पेढीचे मालक, वय चौसष्ट. घरात आणि बाजारात सर्वजण त्यांना अण्णा म्हणतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पेढीचा रोजचा कारभार मुलाच्या हाती सोपवला. सकाळी मंदिर, सौद्याच्या वेळी बाजारात एक फेरी, दुपारी थोडी विश्रांती आणि सूर्यास्तापूर्वी जेवण, असा त्यांचा दिनक्रम बसला. दिवस सरत असे. प्रश्न संध्याकाळचा होता. जेवण लवकर उरकणाऱ्या घरात संध्याकाळ फार मोठी असते. मुलगा पेढीवर हिशेबात, पत्नी स्वाध्याय मंडळात आणि घरात अण्णा व सूनबाई. सात ते साडेनऊ टीव्हीवर हिंदीत भाषांतरित केलेले दाक्षिणात्य हाणामारीचे चित्रपट मोठ्या आवाजात चालत. सूनबाई आतल्या खोलीत असत. दोघांत काही दुरावा नव्हता. बोलण्यासारखा विषय मात्र नव्हता.

सूनबाईंचे शिक्षण पुण्यात झालेले. तेथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सभागृहात त्यांनी विद्यार्थिदशेत देशोदेशीचे पुष्कळ चित्रपट पाहिले होते. एखादा चित्रपट अण्णांबरोबर बसून पाहावा, त्यानिमित्ताने दोन शब्द बोलावेत, असे त्यांना वाटू लागले. त्यांचा पहिला प्रयत्न साफ फसला. तो का फसला आणि पुढे कसा साधला, हे पाहण्यासारखे आहे. कारण वेगवान व्यावसायिक चित्रपटांची सवय असलेल्या माणसासाठी संथ, चिंतनशील चित्रपट कसा निवडावा, याची बहुतेक सर्व सूत्रे या एका घराच्या अनुभवात सापडतात.

पहिली चूक: यादीतला पहिला

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे 'साइट अँड साउंड' हे मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेऊन सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी प्रसिद्ध करते. २०२२ च्या कौलात पहिला क्रमांक शांताल अकरमान यांच्या 'जान दिलमान' या १९७५ च्या चित्रपटाला मिळाला. सूनबाईंनी तो स्वतः पाहिलेला नव्हता. जगात पहिला ठरलेला चित्रपट म्हणजे चांगलाच असणार, या भरवशावर त्यांनी तो लावला.

ब्रुसेल्समधील एका विधवा गृहिणीच्या तीन दिवसांचा हा चित्रपट तीन तास एकवीस मिनिटांचा आहे. पहिल्याच दृश्यात ती बटाटे शिजायला ठेवते. दाराची घंटा वाजते, एक पाहुणा येतो आणि त्याच्या येण्याचे कारण उमगल्यावर सासऱ्यांशेजारी बसलेल्या सूनबाईच संकोचून गेल्या. पुढे जेवणाच्या टेबलावर मांसाहार. कॅमेरा हलत नाही, संगीत नाही, कोणी काही बोलत नाही. पंचवीस मिनिटांनी अण्णा शांतपणे उठले. "हे रोजचंच आहे की. ह्यात बघायचं काय?" एवढेच ते म्हणाले.

त्यांचा प्रश्न रास्त होता. 'जान दिलमान' हा चित्रपट त्या रोजच्या क्रमात पुढे कोठे बिघाड होतो हे पाहणाऱ्यासाठी आहे. पण त्यासाठी प्रेक्षकाला आधी ती नजर असावी लागते. श्रेष्ठ चित्रपटांची यादी जाणकार कशाला मानतात हे सांगते. कोणता आधी पाहावा, हे ती सांगत नाही. घराला काय चालेल, हे तर त्या यादीला ठाऊकच नसते. यातून दोन नियम निघाले. पहिला, स्वतः अखेरपर्यंत न पाहिलेला चित्रपट दुसऱ्याला दाखवू नये. दुसरा, गिऱ्हाईक पेढीवर आले की आधी त्याची नड ओळखतात आणि मग माल काढतात, तसेच येथेही करावे.

माणूस नेमका काय पाहतो?

पुढचे आठ दिवस सूनबाई संध्याकाळी अण्णांचेच चित्रपट पाहायला त्यांच्याजवळ बसल्या. त्यांनी दोन गोष्टी टिपल्या. एक म्हणजे दृश्यांचे तुकडे. पडद्यावरील चित्र दर वेळी बदलले की कागदावर एक रेघ, अशा पाच मिनिटांच्या रेघा त्यांनी मोजल्या. हाणामारीच्या प्रसंगात त्या शंभराच्या वर गेल्या, म्हणजे सरासरी एक तुकडा तीन सेकंदांचाही नव्हता. कोणालाही घरी करून पाहता येईल अशी ही मोजणी आहे. तिच्यामुळे माणसाच्या डोळ्यांना कसली सवय आहे, ते आकड्यात कळते.

दुसरी नोंद अधिक उपयोगाची ठरली. अण्णा मोबाईल केव्हा हातात घेतात आणि केव्हा खाली ठेवतात, हे त्यांनी पाहिले. ज्या मारामाऱ्यांसाठी हे चित्रपट चालतात असे वाटे, नेमक्या त्याच वेळी अण्णा बाजारभावाचे संदेश वाचत. नायकाने कोणाला शब्द दिला, कोणाची वस्तू त्याच्याकडे राहिली, वेळ संपत आली आणि काम व्हायचे आहे, किंवा घरातल्या वडीलधाऱ्याचा अपमान झाला, की मोबाईल खाली जाई. 'बागबान' लागला की ते जागचे हलत नसत. वेग ही त्यांची सवय होती. आवड दिलेल्या शब्दाची आणि घरातल्या नात्यांची होती.

वेगवान आणि संथ चित्रपटांत साधारण चार फरक असतात. संथ चित्रपटात एकेक चित्र अधिक वेळ टिकते. 'पुढे काय होणार?' हा प्रश्न सौम्य असतो किंवा नसतोच. कोठे हसावे आणि कोठे रडावे हे संगीत सांगत नाही. शिवाय भाषा परकी असल्याने खाली येणारा मजकूर वाचावा लागतो. 'जान दिलमान' लावताना सूनबाईंनी हे चारही बदल एकाच संध्याकाळी केले होते. आता त्यांनी ठरवले की एका वेळी एकच गोष्ट सोडायला लावायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या. या क्रमाने तीन चित्रपट निवडले गेले.

पायरी पहिली: धावणारी मुले

पहिला होता इराणचे दिग्दर्शक माजिद मजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७). लांबी जेमतेम दीड तास. दुरुस्त करून आणलेले धाकट्या बहिणीचे बूट अलीकडून भाजीच्या दुकानापाशी हरवतात. वडिलांपाशी नवे घ्यायला पैसे नाहीत, म्हणून भाऊ-बहीण ही गोष्ट घरात लपवून ठेवतात आणि अलीच्या एकाच जोडावर दोघे शाळा करतात. झाहराची शाळा सकाळची, अलीची दुपारची. शाळा सुटताच झाहरा गल्ल्यांतून धावत येते, वाटेत बुटांची अदलाबदल होते आणि अली धावत सुटतो.

या चित्रपटात वेळेचा ताण भरपूर आहे, पाठलाग आहे, शेवटी धावण्याची शर्यतही आहे. तिसऱ्या क्रमांकाला बूट मिळणार असतात आणि अलीला नेमके तिसरे यायचे असते. म्हणजे 'पुढे काय?' हा प्रश्न अखेरपर्यंत जिवंत राहतो. बदलतात ते वेग आणि भाषा. तेही फार नाही, कारण दोन मुलांची अडचण एकही वाक्य न वाचता कळते. प्रियदर्शन यांनी २०१० साली यावरून 'बम बम बोले' हा हिंदी चित्रपट काढला होता, यावरूनच ही कथा आपल्या प्रेक्षकाला किती जवळची आहे हे ध्यानात यावे.

सूनबाईंना चिंता होती ती मधल्या संथ भागाची. पण अण्णा तेथेच सावरून बसले. प्रसंग असा आहे: अलीचे वडील मशिदीसाठी आलेली साखर घरी फोडत बसले आहेत. समोर खड्यांचा ढीग. झाहरा चहा आणते आणि वडील तिच्याकडे साखर मागतात. एवढी साखर समोर असताना आणखी कशाला, असे ती विचारते. ही मशिदीची आहे, आपल्याकडे विश्वासाने दिली आहे, असे वडील तिला समजावतात.

देवद्रव्याला हात लावू नये, हे ज्या घरात लहानपणापासून कानावर पडलेले असते, तेथे हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. "गरीब आहे, पण माणूस चोख आहे," असे अण्णा म्हणाले. परक्या देशातले, परक्या धर्माचे घर दोन मिनिटांत ओळखीचे झाले होते. निवड बरोबर झाल्याची खूण हीच. 'छान होता' असा शेरा काही सांगत नाही. पात्राबद्दल माणूस ओळखीच्या माणसासारखा बोलू लागला, की समजावे.

पायरी दुसरी: दुसऱ्याची वही

दुसऱ्या पायरीसाठी सूनबाईंनी अब्बास किआरोस्तामी यांचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?' (१९८७) निवडला. हाही इराणचा, मुलांचा आणि दीड तासाहून कमी लांबीचा. देश, भाषा आणि वय तेच ठेवल्यामुळे डोळ्यांना नवे काही ओळखून घ्यावे लागत नाही. सोडायची गोष्ट या वेळी एकच होती: शर्यत. येथे जिंकायचे काही नाही आणि भावना सांगणारे संगीतही फार थोडे आहे.

उत्तर इराणमधील कोकेर या खेड्यातील शाळेत गृहपाठ वहीतच लिहून आणला नाही म्हणून मास्तर मोहम्मद रझा नेमतझादे या मुलाला दटावतात. पुन्हा असे झाले तर शाळेतून काढू, अशी ताकीद देतात. शेजारी बसणारा अहमद घरी येऊन दप्तर उघडतो, तर सारख्याच दिसणाऱ्या दोन वह्या निघतात. मित्राची वही चुकून आपल्याकडे आली आहे. ती आज पोहोचली नाही, तर उद्या मित्राची शाळा सुटणार. मित्र राहतो टेकडीपलीकडच्या पोश्तेह गावात. घर कोठे, ते अहमदला माहीत नाही.

पुढचा सारा चित्रपट म्हणजे ती वही परत करण्याची खटपट. आई ऐकून घेत नाही. ती एकाच वेळी गृहपाठ कर, बाळाला झोका दे, भाकरी घेऊन ये, असे सांगत राहते. अहमद निसटतो आणि टेकडीवरच्या नागमोडी वाटेने धावत सुटतो. माथ्यावर एकच झाड. ही वाट चित्रपटात पुन्हा पुन्हा येते आणि कॅमेरा दुरून ती पूर्ण दाखवतो. वेगवान चित्रपटाने ही चढण दोन तुकड्यांत आटोपली असती. येथे मुलगा खालून वरपर्यंत जाईतो आपण थांबतो. अशा वेळी 'काय घडते आहे?' असे विचारले तर उत्तर मिळत नाही. 'त्याला किती अंतर पडते आहे?' असे विचारले तर मिळते. नवख्या प्रेक्षकाला आधी एवढीच एक गोष्ट सांगून ठेवावी, तेवढी पुरते.

परतल्यावर आजोबा अहमदला अडवतात आणि सिगारेट आणायला पाठवतात. सिगारेट त्यांच्या खिशात असतेच. मुलाला आज्ञापालनाची सवय लागावी म्हणून हे पाठवणे. मग लोखंडी दारे विकणारा एक माणूस भेटतो. आजोबांसारख्या जुन्या माणसांना तो लाकडी दारे बदलून लोखंडी बसवायला सांगतो आहे. व्यवहार लिहायला त्याला कागद हवा असतो आणि तो अहमदच्या हातातल्या वहीचे पान मागतो. अहमद कचरतो. वही त्याची नाही. पण मोठी माणसे ऐकत नाहीत आणि पान फाडले जाते.

या ठिकाणी अण्णा एकदम बोलले, "अरे, दुसऱ्याच्या वहीचं पान!" ज्याने आयुष्यभर चोपड्या सांभाळल्या, त्याला फाटलेल्या पानाचे मोल सांगावे लागत नाही. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, ही व्याख्या पाठशाळेत शिकवली जाते. येथे एक आठ वर्षांचा मुलगा, चुकून आलेली वस्तू सूर्य मावळण्यापूर्वी धन्याला पोहोचवण्यासाठी सगळ्या वडीलधाऱ्यांशी झगडतो. चित्रपटात हाणामारी नाही, खलनायक नाही. तरीही दिलेल्या शब्दाइतकाच ताण त्या वहीत आहे. अण्णांच्या मोबाईलच्या नोंदीवरून सूनबाईंनी हेच हेरले होते.

संध्याकाळी एक म्हातारा सुतार अहमदला वाट दाखवतो. तो फार हळू चालतो, आपण कोणकोणत्या घरांची लाकडी दारे आणि खिडक्या केल्या ते सांगत राहतो, आणि मुलाला घाई आहे. हा चित्रपटातला सर्वांत संथ भाग. बहुतेक नवखे प्रेक्षक येथेच सुटतात. सूनबाईंनी यासाठी आधीच एक सोय केली होती. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे असते आणि अण्णांना तेवढा वेळ एका जागी स्थिर बसण्याचा चाळीस वर्षांचा सराव होता. चित्रपट म्हणजे सामायिक नव्हे, हे उघड आहे. पण शरीराला ओळखीचे असलेले ते माप येथे कामी आले. अठ्ठेचाळीस मिनिटांनी त्यांनी चित्रपट थांबवला, दिवे लावले, दहा मिनिटे गेली आणि मग उरलेला भाग लावला. त्यामुळे म्हातारा येईपर्यंत थकवा साचला नाही.

शेवट येथे सांगण्याने काही बिघडत नाही, कारण हा चित्रपट शेवटासाठी पाहायचा नाही. अहमदला घर सापडत नाही. रात्री तो मित्राच्या वहीत मित्राचा गृहपाठही लिहून ठेवतो. सकाळी मास्तर वही उघडतात, शेरा देतात आणि पानांत म्हाताऱ्याने दिलेले एक फूल दिसते. तेथेच चित्रपट संपतो. अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "दुसऱ्याचा अभ्यास लिहून देणं म्हणजे मास्तरला फसवणंच झालं. पण पोराला दुसरा मार्ग तरी काय होता?" सून-सासऱ्यांचे त्या रात्री या एका प्रश्नावर अर्धा तास बोलणे झाले. त्या घरात एवढे बोलणे पूर्वी कधी झाले नव्हते.

पायरी तिसरी: टोकियोची वारी

तिसरा चित्रपट यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). येथे अडचणी पुष्कळ: जपानी भाषा, कृष्णधवल चित्र, सव्वादोन तासांहून अधिक लांबी आणि भरपूर संवाद. चित्राचा एकेक तुकडा सरासरी दहा सेकंदांच्या आसपास टिकतो आणि कॅमेरा जवळजवळ हलतच नाही. एवढे सगळे सोडायला लावायचे तर मोबदल्यात काहीतरी फार ओळखीचे द्यायला हवे. ती ओळख 'बागबान'ने दिली. दोन्ही चित्रपटांत म्हातारे आईवडील मुलांकडे राहायला जातात आणि मुलांना ते अडचणीचे वाटतात. मराठीत राजा परांजपे यांचा 'ऊन पाऊस' (१९५४) याच दुःखाचा.

भाषेची सोय सूनबाईंनी कागदावर केली. ओनोमिची या गावातील म्हातारे जोडपे शुकिची आणि तोमी. टोकियोत डॉक्टर मुलगा कोइची आणि केशकर्तनालय चालवणारी मुलगी शिगे. ओसाकात धाकटा मुलगा. गावी अविवाहित मुलगी क्योको. आणि युद्धात गेलेल्या मुलाची विधवा नोरिको. हा वंशवृक्ष ठळक अक्षरांत लिहून त्यांनी अण्णांच्या हाती दिला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन खालच्या इंग्रजी मजकुराचा आकार वाढवला आणि जेथे वाक्ये भराभर जात, तेथे हलक्या आवाजात दोन शब्दांत अर्थ सांगितला. परक्या भाषेतील चित्रपट नकोसा होतो तो बहुधा संथपणामुळे नव्हे, तर वाचणे मागे पडल्यामुळे. माणूस पडद्याच्या खालच्या कडेलाच खिळून आहे असे दिसले, की हे ओळखावे. चित्रपट दोन संध्याकाळी विभागला गेला.

'बागबान'मध्ये मुले दुष्ट आहेत आणि शेवटी वडील भर सभेत बोलून मोकळे होतात. ओझूंच्या चित्रपटात कोणी दुष्ट नाही. रविवारी आईवडिलांना फिरायला न्यायचे ठरते, तेवढ्यात कोइचीला आजारी मुलाकडे जावे लागते. शिगेचा नवरा सासू-सासऱ्यांसाठी चांगली मिठाई आणतो, तर ती महाग कशाला आणली म्हणून शिगे कुरकुरते. मग भाऊ-बहीण मिळून खर्च काढतात आणि आईवडिलांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवतात. मुलांना वाटते, सोय झाली. तेथे रात्रभर गोंगाट, झोप नाही. म्हातारी लवकर परततात आणि राहायला जागा नाही अशा अवस्थेत सापडतात. रक्ताचे नाते नसलेली नोरिको तेवढी कामावर रजा काढून त्यांना शहर दाखवते आणि आपल्या एका खोलीत सासूला झोपवते. 'बागबान'मध्येही सांभाळणारा मुलगा मानलेलाच होता, हे अण्णांच्या लगेच लक्षात आले.

एका गोष्टीची कल्पना मात्र आधी द्यावी लागते. ओझू प्रसंग संपल्यावर लगेच पुढे जात नाहीत. धुराडी, वाळत घातलेले कपडे, जाणारी आगगाडी अशी रिकामी चित्रे काही क्षण दाखवतात. कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्याही खाली असतो. या रिकाम्या जागांना नवखा प्रेक्षक कंटाळतो, कारण त्यात काहीतरी शोधायचे आहे असे त्याला वाटते. तेथे शोधायचे काही नाही. आधीच्या प्रसंगात जे बोलले गेले, ते मनात उतरायला दिलेला तो अवकाश आहे.

पहिल्या संध्याकाळी अतामीचा प्रसंग आला, तेव्हा अशाच एका रिकाम्या चित्रावर अण्णा म्हणाले, "थांबव जरा." सूनबाईंना वाटले, पुन्हा कंटाळले. काही वेळाने अण्णा सांगू लागले. बत्तीस वर्षांपूर्वी, हळदीचा ऐन हंगाम असताना, गावाकडचे वडील महिनाभर राहायला आले होते. घरात पोत्यांचा नि माणसांचा राबता, मुले लहान, जागा कमी. यात्रेची एक बस कुंथलगिरीला निघाली होती. "पुण्याचं काम, आणि त्यांचीही सोय, असं म्हणून मी तिकीट काढून दिलं. ते काही बोलले नाहीत. यात्रेहून परस्पर गावी गेले. परत राहायला आले नाहीत." सूनबाई काही बोलल्या नाहीत. चित्रपट त्या दिवशी तेथेच थांबला. उरलेला भाग दुसऱ्या संध्याकाळी पाहिला; आईच्या अंत्यविधीनंतर सासरे तिचे घड्याळ नोरिकोला देतात, तोपर्यंत दोघेही शांत होते.

घराची मर्यादा, माणसाची मर्यादा

जैन घरात निवड करताना आणखी एक चाळणी लागते, आणि 'शांत', 'आध्यात्मिक' अशी वर्णने वाचून ती लावता येत नाही. 'बॅबेट्स फीस्ट' (१९८७) हा डॅनिश चित्रपट सात्त्विक म्हणून सुचवला जातो, आणि त्यातला त्याग खरा आहे. पण त्याचा उत्तरार्ध लावे आणि कासव शिजवण्याभोवती फिरतो. किम की-दुक यांचा कोरियन 'स्प्रिंग, समर, फॉल, विंटर... अँड स्प्रिंग' (२००३) तर वर्णनावरून आपल्यासाठीच काढला आहे असे वाटेल: तळ्यातला मठ, गुरू-शिष्य, आणि मासा, बेडूक व साप यांना दगड बांधणाऱ्या बाळशिष्याला गुरूने दिलेला धडा. परंतु प्राण्यांचे ते हाल पडद्यावर डोळ्यांसमोर दिसतात आणि पुढे कुटुंबासह पाहता येणार नाहीत असे प्रसंग आहेत. 'टोकियो स्टोरी'तही म्हाताऱ्या मित्रांचे मद्यपान आहे. ते कथेला आवश्यक असले, तरी आधी सांगून ठेवलेले बरे.

दुसरी मर्यादा माणसाची. तीन चित्रपट पाहून अण्णा बदलले नाहीत. हाणामारीचे चित्रपट त्यांनी सोडले नाहीत आणि सूनबाईंनी तशी अपेक्षाही ठेवली नाही. पहिल्याच पायरीवर कोणी थांबले, तर तेथेच थांबावे. त्याच जातीचा दुसरा चित्रपट दाखवावा, पुढची पायरी लादू नये. झोप लागली तर ती नापसंती समजू नये. दुसऱ्या दिवशी कोठपर्यंत आठवते ते विचारावे आणि तेथून लावावे. मोबाईल मात्र पहिल्या वीस मिनिटांत तीनदा हातात गेला, तर निवड चुकली असे मानून चित्रपट आपणच बंद करावा. समोरच्याला उठून जावे लागू नये. पहिल्या संध्याकाळी सूनबाईंकडून राहून गेले होते ते एवढेच.

'टोकियो स्टोरी'नंतर पंधरा दिवस दोघांपैकी कोणीही चित्रपटाचा विषय काढला नाही. मग एका संध्याकाळी जेवण झाल्यावर अण्णांनी विचारले, "सूनबाई, त्या वहीवाल्या पोराचं पुढं काय झालं असंल? तसलं अजून काही आहे का?"

सूनबाईंकडे त्याचे उत्तर होते. कोकेरचा तो परिसर जून १९९० च्या भूकंपात उद्ध्वस्त झाला. आपल्या चित्रपटातील मुलांचे काय झाले, हे पाहायला किआरोस्तामी तिकडे गेले आणि त्या शोधावरून त्यांनी 'अँड लाइफ गोज ऑन' (१९९२) हा चित्रपट केला. त्यात एक दिग्दर्शक आपल्या लहान मुलाला घेऊन, मोडक्या रस्त्यांवरून मोटार हाकत, भेटेल त्याला त्या मुलांविषयी विचारत जातो. मुख्य भूमिकेतील मुले भेटल्याचे तो चित्रपट दाखवत नाही. एक जुनी मोटार खड्या चढावर पुन्हा पुन्हा मागे येते आणि पुन्हा वर जाते, ते दुरून दिसत राहते.

पहिल्या दिवशी हे अण्णांना दाखवले असते, तर ते पंचवीस मिनिटेही बसले नसते. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच मोबाईल दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला आणि दिवा मालवला.